गटाराची मीटिंग मागायची तर भरतीच्या वेळची मागा



आपल्या सोसायटीच्या एका सभासदाच्या घरातून या मोसमात पंचायतीला एक अर्ज गेला. खाडीकाठच्या वाड्यातलं गटार, दरवर्षी घरात शिरणारं पाणी, आणि त्यासाठी मीटिंगची मागणी, एवढाच विषय. असे अर्ज आपल्या गोव्यात वाड्यावाड्यातून जातात आणि फायलीत पडतात. हा पडला नाही. का पडला नाही ते मला महत्त्वाचं वाटतं, म्हणून आज बर्फाचा दर, डिझेलची सबसिडी बाजूला ठेवून यावर लिहितो. घरच्यांना विचारून, नावं-गाव काढून लिहितो आहे. पंचायतीचंही नाव घेत नाही, कारण प्रश्न एका पंचायतीचा नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गटाराची मीटिंग कार्यालयात खुर्चीवर बसून मागू नये. ती गटाराच्या तोंडावर मागावी, उधाणाच्या दिवशी, भरती भरायच्या वेळी. आणि अर्जात "पाणी तुंबते" एवढंच लिहू नये, कुठलं पाणी, कधी, कुठून कुठे जातं ते लिहावं. हे आपण दर्यावरची माणसं जितकं चांगलं लिहू शकतो तितकं दुसरं कोणी लिहू शकणार नाही.

आता तो वाडा कसा आहे ते डोळ्यासमोर आणा. वरच्या अंगाला देऊळ, तिथून गटार सुरू होतं. साधारण ११० मीटर खाली आलं की आडवा रस्ता लागतो. रस्त्याखालून पाणी पाईपने पलीकडे जातं. पुढे आणखी ६० मीटर गटार, आणि मग खाडी. तोंडावर जुनी दगडी मोरी आहे. पूर्वी तिला मानशीसारखं लाकडी दार होतं, ते कुजून गेलं आणि पुन्हा कोणी बसवलं नाही. रस्त्याच्या वर काही घरं, रस्त्याच्या खाली काही घरं. दोन्हीकडच्या घरांत पाणी येतं, म्हणून सगळेजण म्हणतात "गटार तुंबलं."

मागच्या वर्षी याच वाड्यातून दोन ओळींचा अर्ज गेला होता. "आमच्या वाड्यातील गटार तुंबत असून योग्य ती कार्यवाही करावी." योग्य ती कार्यवाही झाली. दोन कामगार फावडी घेऊन आले, देवळाकडचा थोडा भाग साफ केला, गाळ काठावर टाकला आणि गेले. पहिल्याच मोठ्या पावसात तो गाळ परत गटारात गेला. कागदावर तक्रार निकाली निघाली, घरात पाणी तसंच राहिलं. यात कामगारांची चूक नाही. अर्जात "तुंबते" लिहिलं होतं, तुंबलेल्या गटाराला फावडं हाच इलाज असतो.

त्यानंतर त्या घरातल्या वहिनीने एक काम केलं. ती सुकी मासळी विकते, उधारीची वही ठेवायची सवय. त्याच वहीच्या मागच्या पानांवर तिने जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाण्याची नोंद ठेवली. तारीख, वेळ, पाऊस होता का, भरती होती का सुकती, आणि पाणी रस्त्याच्या वर होतं की खाली. चार महिन्यांत ११ नोंदी झाल्या. आम्ही सोसायटीत बसून त्या वेगळ्या केल्या तेव्हा चित्र एकदम साफ झालं.

५ वेळा पाऊस जवळजवळ नव्हताच. तरी पाणी आलं. हे पाचही दिवस अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे, म्हणजे उधाणाचे. वेळ दुपारच्या आसपास किंवा मध्यरात्रीच्या आसपास. पाणी फक्त रस्त्याच्या खालच्या घरांत. आणि ते खारं होतं, तिने जिभेला लावून पाहिलं होतं.

४ वेळा धो धो पाऊस होता आणि सुकती लागलेली होती. त्या वेळी पाणी फक्त रस्त्याच्या वरच्या घरांत होतं. रस्त्याच्या खालचं गटार अर्धंच भरून वाहत होतं.

उरलेल्या २ वेळा जोराचा पाऊस आणि उधाणाची भरती एकत्र आली. तेव्हा वरचे-खालचे सगळेच बुडाले.

म्हणजे एका गटाराला दोन वेगळे आजार आहेत. खालच्या घरांचा आजार तोंडावर आहे. दार नाही म्हणून खाडी आत येते. त्याला पावसाशी घेणंदेणं नाही. वरच्या घरांचा आजार रस्त्याखाली आहे. पाणी खाली जायला मोकळं आहे, खालचं गटार रिकामं आहे, पण रस्त्याखालच्या पाईपातून ते पुरेसं जातच नाही. फावड्याने यातलं एकही बरं होणार नाही.

पाईपाचा हिशोब शाळेतल्या गणिताचा आहे. वरचं गटार ६० सेंटीमीटर रुंद आणि ६० सेंटीमीटर खोल. त्याचं तोंड झालं ३,६०० चौरस सेंटीमीटर. रस्त्याखाली बसवलेला सिमेंटचा पाईप ४५ सेंटीमीटर व्यासाचा. त्याचं तोंड साधारण १,५९० चौरस सेंटीमीटर. निम्म्याहूनही कमी. त्यात तळाशी थोडा गाळ, तोंडाशी प्लास्टिक आणि जाळ्याचा एखादा गुंता, की उरलं काय?

वाड्यातल्या एका गवंड्याने पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली. गवंडी लोक घर बांधताना वापरतात तीच नळी, खर्च काही नाही. त्यात दिसलं की पाईपाचा तळ वरच्या गटाराच्या तळापेक्षा १२ सेंटीमीटर उंच आहे, अर्ध्या विताहून थोडा जास्त. म्हणजे पाऊस संपल्यावरही एवढं पाणी पाईपाच्या अलीकडे कायम उभं राहणार. डास तिथेच होतात. दरवर्षी "गटार आणखी खोल खणा" म्हणणाऱ्यांनी हे बघायला पाहिजे. वरचं गटार जितकं खोल खणाल तितकं उभं पाणी वाढेल, कारण पाईप जागचा हलत नाही. आणि खालचं गटार खोल खणलंत तर खाडीला आत यायला वाट आणखी मोकळी होईल.

तोंडाकडचीही लेव्हल काढली. उधाणाच्या भरतीला पाणी मोरीच्या भिंतीवर कुठपर्यंत चढतं तिथे रंगाने खूण केली. ती खूण तोंडावरच्या गटाराच्या तळापासून ५५ सेंटीमीटर वर आली. काठावरच्या घरांची अंगणं त्याच तळापासून ४० सेंटीमीटर वर. म्हणजे उधाणाला अंगणात १५ सेंटीमीटर पाणी येणार हे ठरलेलंच, त्याला पाऊस लागत नाही. भांगाच्या दिवसांत भरती तेवढी चढत नाही म्हणून अंगण कोरडं. साहेब नेमके भांगाच्या दिवशी, सुकतीला पाहणीला आले तर त्यांना कोरडं अंगण आणि वाहतं गटार दिसणार. ते लिहिणार, "पाहणी केली, पाणी आढळले नाही." ते खोटं बोलत नाहीत. त्यांना जे दिसलं ते लिहिलं.

म्हणून मीटिंगची वेळ महत्त्वाची. ऑफिसच्या माणसाला वाटतं भरती कधीही येते. आपल्याला ठाऊक आहे की भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, आणि त्यामुळे एका जागी उधाणाची भरती दर पंधरवड्याला साधारण त्याच वेळेला भरते. आपल्याकडे ती दुपारच्या आसपास येते. म्हणजे ऐन ऑफिसच्या वेळेत! ही देवाने दिलेली सोय आहे. मुरगाव बंदराचं भरतीचं टेबल छापलेलं मिळतं, मोबाईलवरही दिसतं. अमावास्या किंवा पौर्णिमा आणि तिच्यानंतरचे एक-दोन दिवस बघायचे, भरतीची वेळ लिहायची, आणि तीच वेळ मीटिंगसाठी मागायची.

हे सगळं घेऊन जो अर्ज तयार झाला तो खाली देतो. भाषा वहिनीची, शुद्धलेखन तेवढं आमच्या ऑफिसातल्या मुलीने बघितलं.

————

प्रति,
मा. सरपंच / सचिव,
ग्रामपंचायत

प्रत माहितीसाठी व उपस्थितीसाठी:
१) सहाय्यक अभियंता, सार्वजनिक बांधकाम खाते (रस्ते)
२) सहाय्यक अभियंता, जलस्रोत खाते

विषय: वाड्यातील गटाराबाबत जागेवर संयुक्त पाहणी व बैठक मिळण्याबाबत.

महोदय,

आमच्या वाड्यात देवळापासून खाडीपर्यंत जाणाऱ्या गटाराचे पाणी पावसाळ्यात घरांत येते. मागील पावसाळ्यात ११ वेळा आले. प्रत्येक वेळेची नोंद सोबत जोडली आहे.

नोंदीवरून असे दिसते की रस्त्याच्या खालच्या घरांत येणारे पाणी खाडीचे आहे व ते उधाणाच्या भरतीला मोरीतून उलटे येते. रस्त्याच्या वरच्या घरांत येणारे पाणी पावसाचे आहे व ते रस्त्याखालील ४५ सेंमी पाईपापाशी अडते. आम्ही साध्या नळीने लेव्हल घेतली आहे. ती अंदाजाची आहे. आपल्या अभियंत्यांनी ती तपासावी ही विनंती.

गटार पंचायतीकडे, रस्ता बांधकाम खात्याकडे व खाडीचा काठ तिसऱ्या खात्याकडे येतो असे आम्हाला सांगण्यात आले. म्हणून तिघांनी एकाच वेळी जागेवर यावे. खालीलपैकी कोणताही एक दिवस आम्हाला चालेल. हे तिन्ही दिवस उधाणाचे आहेत व लिहिलेली वेळ भरती भरण्याच्या अर्धा तास आधीची आहे. (येथे तीन तारखा व वेळा.) कृपया दुसरी वेळ देताना भरतीची वेळ पाहून द्यावी, कारण सुकतीला हा त्रास दिसत नाही.

बैठकीत आम्हाला तीन प्रश्नांची उत्तरे हवी आहेत.
१) मोरीला झडपेचे दार कोण बसवणार व त्याची देखभाल कोणाकडे राहणार?
२) रस्त्याखालील पाईप बदलून मोठी मोरी घालण्याचा प्रस्ताव कोण करणार?
३) दार बंद असताना पाऊस पडला तर आतले पाणी तेवढे तास कुठे राहणार?

वाड्यातर्फे पाच जण हजर राहू. बैठकीचे इतिवृत्त करून त्याची प्रत मिळावी ही विनंती. जाळ्यांचे तुकडे, थर्माकोलच्या पेट्या व मासळीचा कचरा गटारात जाऊ नये म्हणून पाईपाच्या तोंडाशी जाळी बसवली तर ती आठवड्यातून दोनदा साफ करण्याची जबाबदारी वाड्यातील घरे घेतील.

आपली विश्वासू,
(सही, घर क्रमांक, फोन) व वाड्यातील २६ सह्या

सोबत: १) पाण्याची नोंद, २) हाताने काढलेला नकाशा, ३) फोटो ६, मागे तारीख व वेळ लिहिलेले.

————

या अर्जातल्या काही गोष्टींवर बोलायला हवं.

पहिली गोष्ट, तिन्ही ऑफिसांना एकत्र बोलावलं. गोवा पंचायत राज कायदा १९९४ चा. त्याप्रमाणे गावातली गटारं हे पंचायतीच्या कामांत येतं. त्यामुळे मुख्य अर्ज पंचायतीलाच जायला हवा. पण पंचायत बांधकाम खात्याचा रस्ता खणू शकत नाही, आणि बांधकाम खातं खाडीच्या तोंडावर दार बसवायला येणार नाही. प्रत्येकाकडे वेगवेगळं गेलात तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि तिघंही आपापल्या जागी खरंच बोलत असतात. एकाच पाण्यात तिघं उभे राहिले की बोट दाखवायला कोणी उरत नाही.

दुसरी गोष्ट, तिसरा प्रश्न. सगळ्यांना वाटतं दार बसवलं की संपलं. संपत नाही. मानशीचं दार कसं चालतं ते आपल्या जुन्या लोकांना माहीत आहे. खाजनात भरतीचं पाणी दार ढकलून बंद करतं, आणि सुकती लागली की आतलं पाणी ते उघडतं. पण मधले तीन-चार तास दार बंद असतं. त्या वेळी आतलं पाणी पोंयीत साठून राहतं. खाजन बांधणाऱ्यांनी पोंय उगाच नाही ठेवली. आपल्या वाड्याला पोंय नाही. गटाराजवळ एक सखल जागा होती, पाणी तिथे पसरायचं. आता तिथे मातीचा भराव आहे.

हिशोब करून बघा. वाड्याचं पाणी गोळा करणारी जमीन एक हेक्टर धरू. दार बंद असताना तीन तासांत ३० मिलीमीटर पाऊस पडला, जुलैत हे काही विशेष नाही, तर जमिनीवर ३ लाख लिटर पाणी पडलं. अर्धं मुरलं, थोपलं असं धरलं तरी दीड लाख लिटर गटाराकडे येणार. पाण्याचा मोठा टँकर १० हजार लिटरचा धरला तर ते १५ टँकर झाले. सगळं गटार काठोकाठ भरलं तरी त्यात ६ टँकर राहतात. बाकीचे ९ टँकर कुठे जाणार? घरात. म्हणून दार मागताना हा प्रश्न सोबत मागायलाच हवा. नाहीतर पुढच्या वर्षी खारं पाणी थांबेल आणि गोडं पाणी घरात येईल, आणि लोक म्हणतील दारामुळेच बुडालो. मग एका रात्री कोणीतरी ते दार काढून टाकील. असं होताना पाहिलेलं आहे.

तिसरी गोष्ट, शेवटची जबाबदारीची ओळ. काही जणांना ती आवडली नाही. एक बोटमालक मामा मला म्हणाले, "आपणच आपला कचरा कागदावर कशाला लिहायचा?" मला ती ओळ फार कामाची वाटते. पाहणीला आलेल्या माणसाची नजर पहिली जाते ती पाईपाच्या तोंडाशी अडकलेल्या निळ्या जाळ्यावर आणि थर्माकोलवर. "बघा, कचरा तुम्हीच टाकता" एवढं बोलून तो पाईपाचा विषय तिथेच संपवू शकतो. आपण आधीच लिहून दिलं की त्याला ते वाक्य राहत नाही, आणि बोलणं ४५ सेंटीमीटरवर येतं.

मामांचं दुसरं म्हणणं होतं की एवढं लिहायची गरजच काय, आमदाराला फोन केला की दुसऱ्या दिवशी जेसीबी येतो. येतो, खरं आहे. पण जेसीबी काय करणार? गाळ काढणार आणि गटार खोल करणार. पाईप तोच, दार नाहीच. वर सांगितलं तसं उभं पाणी वाढणार. आणि फोनचा कागद होत नाही. पुढच्या वर्षी साहेब बदलला की पुन्हा पहिल्यापासून. गाळाने खरंच तुंबलेलं गटार असेल तर फोन करा, जेसीबी आणा, माझी ना नाही. तुंबलंय का ते कसं ओळखायचं? पाऊस असताना अडथळ्याच्या वरही पाणी आणि खालीही पाणी, सगळीकडे सारखं चढलेलं, सुकतीला सुद्धा हळूहळू उतरणारं, आणि काठी घातली तर विताविताने गाळ लागणारा, तर ते गाळाचं दुखणं. आपल्या वाड्यात तसं नव्हतं.

आता पुढे काय झालं ते. अर्ज दोन प्रतींत दिला, एका प्रतीवर शिक्का आणि इनवर्ड नंबर घेतला. पंधरा दिवस काही नाही. मग त्याच नंबरचा संदर्भ देऊन तीन ओळींचं स्मरणपत्र दिलं, त्यात पुढच्या उधाणाच्या तारखा लिहिल्या. या वेळी फोन आला. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सरपंच, सचिव आणि दोन खात्यांचे अभियंते आले. त्या दिवशी पाऊस नव्हता, आकाश अगदी मोकळं. अकराच्या सुमाराला अंगण कोरडं होतं, एक अभियंता घड्याळ बघत होता. मग मोरीतून पाणी उलटं यायला लागलं. अर्ध्या तासाने तो बूट हातात घेऊन उभा होता. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

इतिवृत्तात तीन गोष्टी आल्या. झडपेचं दार पंचायत बसवणार, त्यासाठी अंदाजपत्रक करणार. काठावर काही नवं बांधकाम करायचं झालं तर किनारी नियमांची परवानगी लागेल का ते आधी विचारून घेणार. रस्त्याखालच्या मोरीचा प्रस्ताव बांधकाम खात्याचे अभियंते वर पाठवणार. पाणी साठायच्या जागेचं मात्र अडलं आहे. ती भरावाची जागा खाजगी आहे, त्यावर एका बैठकीत निर्णय होण्यासारखा नाही. तेही इतिवृत्तात "प्रलंबित" म्हणून लिहून घेतलं, आणि मला वाटतं ते लिहून घेणं सगळ्यात महत्त्वाचं होतं.

काम अजून झालेलं नाही. या पावसात होणारही नाही. भर पावसात रस्ता खणता येत नाही. पाहणी पावसात, मोजणी आणि अंदाजपत्रक पाऊस ओसरल्यावर, आणि काम पुढच्या मे महिन्याच्या आत, असा हा क्रम आहे. म्हणून उन्हाळ्यात अर्ज देऊन काही उपयोग नसतो, तेव्हा दाखवायला पाणी नसतं आणि करायला वेळ नसतो. आपल्याला १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. बोटी वर, पुरुषमंडळी घरी. उधाणाच्या दिवशी दुपारी पाच माणसं गटारावर उभी राहायला याहून चांगला काळ नाही. एरवी त्या वेळी आपण खोल दर्यात असतो आणि पाणी बायकांनी एकट्याने उपसायचं.

ऑक्टोबरपर्यंत अंदाजपत्रक हललं नाही तर काय? तर दोन वाटा आहेत. एक ग्रामसभा. तिथे इतिवृत्ताची प्रत हातात धरून विचारायचं, नुसतं "गटाराचं काय झालं" असं नाही, तर "मुद्दा क्रमांक एकचं अंदाजपत्रक कुठल्या तारखेला झालं" असं. दुसरी माहिती अधिकार. २००५ चा कायदा, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. पण त्यात "काम का करत नाही" असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, कारण तो कायदा कागदावर असलेली माहिती देतो. विचारायचं असं: अमुक इनवर्ड नंबरच्या अर्जावर झालेल्या टिपणीची प्रत द्या, अमुक तारखेच्या पाहणीनंतर केलेल्या अंदाजपत्रकाची प्रत द्या, बांधकाम खात्याला पाठवलेल्या पत्राची प्रत द्या. पत्र पाठवलंच नसेल तर तेही उत्तरातून कळतं. आणि चुकीच्या ऑफिसात अर्ज गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ऑफिसला पाठवायचा असतो, तुम्हाला परत पाठवायचा नसतो.

ज्यांच्या वाड्यात असंच पाणी येतं त्यांनी येत्या अमावास्येपासून वही सुरू करा. पाच रकाने पुरे: तारीख, वेळ, पाऊस, भरती की सुकती, पाणी कुठे. पाणी खारं की गोडं ते बाजूला लिहा. काठावरच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं असेल तर तेही लिहा, खाडी आत येत असल्याची ती आणखी एक खूण आहे. दोन उधाणं आणि दोन मोठे पाऊस झाले की वही घेऊन सोसायटीच्या ऑफिसात या. लेव्हलची नळी आम्ही आणून ठेवली आहे, गवंडीदादाही यायला तयार आहेत. अर्ज बसून लिहू. सोमवार ते शनिवार, लिलाव संपल्यावर.

— सचिव